लेहमध्ये सॅच्युरेशन सुधारलं, तरी सावकाश पळतानाचे ठोके खाली का येत नाहीत?

वेताळटेकडी
मंडळी, सध्या लेहमध्ये आहे. सप्टेंबरातल्या लडाख मॅरेथॉनची हाफ पळायची आहे, म्हणून बराच आधी येऊन राहिलोय. वय ४१. पुण्यात सकाळी किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसने पळतो तेव्हा हार्ट रेट १३२च्या आसपास असतो आणि शेजारच्याशी गप्पा मारता येतात. माझ्यासाठी ईझी रन म्हणजे हाच.

पुण्याहून रात्री निघून दिल्ली, तिथे विमानतळावर रात्र बसून काढली आणि सकाळच्या विमानाने लेह. पहिले दोन दिवस हॉटेलात पडून राहिलो. बसल्या जागी सॅच्युरेशन ८६ होतं. उठल्या उठल्याचे ठोके पुण्यात ५४ असतात, ते ७२ झाले. डोकं जड होतं, जेवण जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी चांगस्पाच्या रस्त्याला अगदी हळू पळून पाहिलं. पेस सव्वाआठ आणि ठोके १५०!

इथपर्यंत काही विशेष वाटलं नाही. आज सहावा दिवस आहे. डोकेदुखी गेली, भूक परत आली, सॅच्युरेशन ९१, सकाळचे ठोके ६३. सगळं सुधारलंय. तरी आज त्याच रस्त्याला त्याच सव्वाआठच्या पेसने १४९. रक्तात ऑक्सिजन परत आला असेल तर हृदयाला अजून एवढी घाई कशाची? कुणी नीट समजावून सांगेल का?

सह्यभटक्या
साधी गोष्ट आहे. एवढ्या उंचीवर हवेत ऑक्सिजन २१ टक्के नसतोच, १४ वगैरे असतो. कमी ऑक्सिजन म्हणजे जास्त पंपिंग. आठवडाभरात शरीर नव्या लाल पेशी तयार करतं आणि सगळं पूर्ववत होतं. तोवर दिवसाला पाच लिटर पाणी प्या. तुमचं पाणी कमी पडतंय, दुसरं काही नाही.

मोगरा
आम्ही लडाखला गेलो तेव्हा सगळ्यांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या होत्या. दम लागला की हुंगायचा. मला तरी फार बरं वाटायचं. करून बघा.

पहाटधाव
वेताळटेकडी, आधी एक विचारतो. हार्ट रेट मनगटावरच्या घड्याळाचा की चेस्ट स्ट्रॅपचा? गार हवेत हाताच्या कातडीतलं रक्त आटतं, मग घड्याळाला नाडीऐवजी पावलांचा ताल सापडतो आणि तोच आकडा तो दाखवत बसतो. माझ्या गटातल्या एकीला थंडीत सलग १६५ दिसायचे आणि तिची पावलंही मिनिटाला तेवढीच पडत होती. थांबून मानेवर बोट ठेवलं तर प्रत्यक्षात १३०च्या घरात होते.

वेताळटेकडी
स्ट्रॅपचा आहे, पुण्यातलाही आणि इथलाही. थांबून हाताने मोजूनही पाहिले, आकडा बरोबर आहे.

रानजाई
मी भूलतज्ज्ञ आहे आणि लेहमध्ये काही वर्षं काम केलंय, म्हणून लिहिते. प्रश्न फार चांगला विचारलाय, कारण बहुतेक लोक पहिल्या दिवसाचे ठोके बघतात आणि सहाव्या दिवसाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आधी सह्यभटक्या यांच्याबद्दल. लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी असतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश राहतो. त्यामुळे फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोरच कमी पडतो. "१४ टक्के" हा आकडा समुद्रकाठच्या हवेशी तुलना करून सांगितलेला असतो, त्यामुळे परिणाम समजायला तो चालतो. पण त्यावरून हवेतलं प्रमाण बदललं असं समजू नका.

आता तिसऱ्या दिवसाचे १५०. मानेत, जिथे मोठी रोहिणी दुभागते तिथे, रक्तातला ऑक्सिजन सतत तपासणारा एक छोटासा अवयव असतो. ऑक्सिजन घटला की तो दोन हुकूम सोडतो. श्वास वाढतो आणि हृदयाला चाबूक बसतो. हे काही मिनिटांत होतं. त्यासाठी पळावंही लागत नाही, म्हणून तुमचे झोपेतून उठतानाचे ठोकेही ५४चे ७२ झाले. त्यात विमानतळावरची जागरणाची रात्र. एक रात्र गेली तरी दुसऱ्या दिवशी बसल्या जागचे ठोके वाढलेले दिसू शकतात, तेव्हा त्या ७२ मधले काही ठोके दिल्लीचे आहेत, सगळे लेहचे नाहीत.

दुसरं म्हणजे सव्वाआठचा पेस लेहमध्ये "हळू" नाहीच. हिशोब करून बघू. सपाटीवर सातच्या पेसने पळायला किलो वजनामागे मिनिटाला साधारण ३२ मिली ऑक्सिजन लागतो. तुमची कमाल क्षमता ४८ धरली तर पुण्यात तुम्ही दोन तृतीयांश ताकद वापरता. साडेतीन हजार मीटरवर नव्याने आलेल्या माणसाची ही क्षमता पाव भागाने उतरते असं धरलं, तर उरते ३६. सव्वाआठच्या पेसला सुमारे २८ लागतात, म्हणजे क्षमतेच्या तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त. पुण्यात एवढी ताकद तुम्ही टेम्पो रनला लावता. पुण्यातल्यासारखं दोन तृतीयांशातच राहायचं असेल तर लेहमध्ये पेस नऊ चाळीसच्या आसपास यायला हवा. मध्ये मध्ये चालावं लागेल इतका हळू.

तुमच्या सहाव्या दिवसाच्या कोड्याचं उत्तर वेगळं आहे. रात्री ड्युटी संपली की लिहिते.

सह्यभटक्या
ठीक आहे, दाबाचं मान्य. पण तुम्ही क्षमता पाव भागाने उतरते म्हणता, ती सगळ्यांची सारखी उतरते का? मी पहिल्याच दिवशी सामान उचलून तीन मजले चढलोय.

रानजाई
सगळ्यांची सारखी नाही उतरत, माणसामाणसात बराच फरक असतो. ज्यांची समुद्रसपाटीची क्षमता फार वरची, त्यांचं नुकसान बऱ्याचदा जास्त होतं, हे ऐकून पळणाऱ्यांना आश्चर्य वाटतं. म्हणून माझा ३६ हा आकडा अंदाज समजा. बाकी, तीन मजले चढणं हा एका मिनिटाचा उद्योग आहे. तेवढा वेळ माणूस उधारीवर काढू शकतो.

आबासाहेब
माझे व्याही पुढच्या महिन्यात लेहला जाणार आहेत. वय ६८. त्यांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे, ज्याने ठोके कमी राहतात. म्हणजे त्यांना हा त्रास होणार नाही ना? उलट तेच सुरक्षित असं मी त्यांना सांगितलं.

रानजाई
आबासाहेब, असं सांगू नका. ठोके वाढणं हा आजार नाही, कमी ऑक्सिजनमध्ये शरीर भागवून नेतंय त्याची ती खूण आहे. त्या गोळीने ठोके दाबलेले राहतात, म्हणजे हृदयाची वेळप्रसंगी वाढायची जागाच कमी होते. चढावर त्यांना इतरांपेक्षा लवकर थकवा येऊ शकतो. शिवाय नाडी बघून "सगळं ठीक आहे" असा निष्कर्ष त्यांच्या बाबतीत काढता येणार नाही. गोळी स्वतःहून बंद मात्र करायची नाही, अचानक बंद केली तर जास्त धोका. जाण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटून लेहचं नाव घेऊन विचारायला सांगा.

आबासाहेब
बरं झालं विचारलं. आजच फोन करतो त्यांना.

कावेरी
माझा डोंगराशी संबंध नाही, पण हाच अनुभव आहे म्हणून लिहिते. मी सिअ‍ॅटलला असते. दरवर्षी पुण्याहून परत आले की पहिले चार-पाच दिवस घरामागच्या सपाट रस्त्यावर त्याच पेसला माझे ठोके दहा-बारा जास्त असतात. सकाळी सातला पळते, हवा थंड, उंची जवळपास शून्य. प्रवासात पाणी भरपूर पिते. मग हे कशामुळे?

पहाटधाव
कावेरी, तुमच्या सकाळी सातला भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. शरीराचं घड्याळ अजून पुण्यात आहे. संध्याकाळी शरीराचं तापमान दिवसातलं सर्वांत वर असतं आणि त्याच कामाला ठोकेही पहाटेपेक्षा जास्त पडतात. आणि खरी पहाट, म्हणजे जेव्हा ठोके सर्वांत खाली जायला हवेत, ती येते तुमच्या दुपारी, तेव्हा तुम्ही कामात. वर झोपेचे तुकडे झालेले. हे दोन्ही सरळ व्हायला काही दिवस लागतातच. मी माझ्या मुलांना प्रवासानंतर पहिले काही दिवस घड्याळ बघूच देत नाही, नाकाने श्वास घेत पळता येईल तेवढंच पळायचं.

रानजाई
पहाटधाव यांना अनुमोदन. दोन गोष्टी जोडते. विमानाची केबिनही डोंगरच असतो. आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो, म्हणजे सिंहगडाच्याही बऱ्याच वर तुम्ही दहा-पंधरा तास बसता, तेही कोरड्या हवेत. पण उतरलात की हा भाग काही तासांत संपतो. चौथ्या दिवशीच्या ठोक्यांचा दोष केबिनला देता येणार नाही.

दुसरी गोष्ट धोक्याची. लांब प्रवासानंतर ठोके वाढलेत आणि सोबत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते आहे, किंवा दम लागतोय, छातीत कळ येते, तर जेट लॅग म्हणून घरी बसू नका. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. तेव्हा लगेच रुग्णालय गाठा. तापाचंही तसंच, विमानातून विषाणू घेऊन आलेल्या माणसाचे ठोके लक्षणं दिसायच्या आदल्या दिवशीच वाढलेले असू शकतात.

कावेरी
साडेसातचं कधी लक्षातच आलं नव्हतं. सूज वगैरे काही नसते. पण संध्याकाळी पळणाऱ्या माणसाला परतल्यावर उलटं, म्हणजे कमी ठोके दिसायला हवेत ना मग?

पहाटधाव
तत्त्वाने हो. पण झोप बिघडल्याने जे वाढतात ते त्यातून वजा होत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात कुणाचे कमी झालेले मी पाहिले नाहीत.

रानजाई
आता वेताळटेकडी यांचा सहावा दिवस.

उंचीवर पोहोचल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीला जास्त होते, हे तुम्हालाही जाणवलं असेल. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. ते ठीक करायला मूत्रपिंड बायकार्बोनेट बाहेर टाकतं आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. परिणाम असा की रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, काही दिवसांत दहा ते वीस टक्क्यांनी घटतो. लाल पेशी तेवढ्याच, द्रव कमी. म्हणजे रक्त दाट झालं आणि एक लिटर रक्त आता जास्त ऑक्सिजन वाहून नेतं. नवी एकही पेशी न बनवता शरीराने हे साधलं. म्हणूनच आज तुमचं रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन पुण्यापेक्षा जास्त दिसेल, पण पेशी वाढलेल्या नसतील. त्यांचा संदेश पहिल्या एक-दोन दिवसांतच सुटतो, पण प्रत्यक्ष भर पडायला आठवडे लागतात. आठवडाभरात सगळं पूर्ववत हे म्हणूनच खरं नाही.

या सोयीची किंमत आहे. एकूण रक्त कमी झालं म्हणजे हृदयाकडे परत येणारं रक्त कमी, हृदय कमी भरतं आणि एका ठोक्याला कमी रक्त बाहेर जातं. समजण्यापुरते आकडे घ्या. पुण्यात पळताना तुमचं हृदय एका ठोक्याला ११० मिली ढकलत असेल, तर १३२ ठोक्यांत साडेचौदा लिटर होतात. आता एका ठोक्याला ९७ मिलीच जात असेल, तर त्याच साडेचौदा लिटरला १५० ठोके लागतील. सॅच्युरेशन कितीही सुधारलं तरी हा हिशोब बदलत नाही.

तुम्ही म्हणाल, मी तर पुण्यापेक्षा हळू पळतोय, मला एवढं रक्त कशाला लागेल? बरोबर आहे, थोडं कमी लागेल. पण तुमचं ९१ हे बसल्या जागचं आहे. पळताना रक्त फुप्फुसातून इतक्या वेगाने जातं की कमी दाबात त्याला ऑक्सिजन पुरता भरून घ्यायला वेळच मिळत नाही. धावताना ते ८५च्याही खाली गेलेलं असू शकतं. हळू पळून मिळालेली सूट तिथे खर्च होते. उद्या थांबल्याबरोबर ऑक्सिमीटर लावा, बोट मात्र आधी चोळून गरम करा, नाहीतर आकडा भलताच येईल.

आणि यात चाबूक सुरूच असतो. उंचीवर शरीराची "पळा किंवा लढा" वाली यंत्रणा आठवडा उलटला तरी चढलेलीच राहते.

सह्यभटक्या
म्हणजे शेवटी पाणीच कमी पडलं की! मी तेच म्हणत होतो. भरपूर प्यायलं की प्लाझ्मा भरून येईल.

रानजाई
नाही येणार. पाणी कमी प्यायल्यामुळे प्लाझ्मा घटला नाही, शरीराने तो ठरवून काढलाय. वरून ओतलेलं पाणी मूत्रपिंड पुन्हा काढून टाकतं. तहानेप्रमाणे आणि त्याहून थोडं जास्त प्यावं, कारण कोरड्या हवेत श्वासावाटे खूप जातं. पण रोज पाच लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं, आणि मग ते उंचीचं आहे की पाण्याचं हे ओळखणं अवघड होऊन बसतं. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे.

मोगरा, कापराने नाकाला गार लागतं आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. त्याने सॅच्युरेशन वाढत नाही. हुंगायला हरकत नाही, पण कापरावर भरवसा ठेवून खाली उतरायला उशीर करू नये. आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका, पोटात गेला तर विषारी आहे.

मोगरा
ऑक्सिजन वाढतो असं मी म्हटलं नव्हतं, बरं वाटतं म्हटलं होतं. ते अजूनही म्हणते. मुलांचं मात्र लक्षात ठेवीन.

वेताळटेकडी
रानजाई, मनापासून आभार. आज तुम्ही सांगितलंत तसं केलं. नऊ चाळीसचा पेस धरला, चढ आला की चालायचं. ठोके १३४ ते १३८. थांबल्या थांबल्या, बोट गरम करून, सॅच्युरेशन ८३! दोन मिनिटांत ९०वर परत. बसून ९१ पाहून मी उगाच निर्धास्त होतो.

दोन प्रश्न. शर्यतीच्या दिवशी पुण्यातल्या हार्ट रेट झोनवर पळू का? आणि रात्री घड्याळात ठोक्यांचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, वर-खाली, वर-खाली. पुण्यात सरळ असतो.

पहाटधाव
झोनचं मी सांगतो. पुण्यातले झोन इथे चालत नाहीत, कारण दोन्ही टोकं हलतात. सावकाश पळतानाचे ठोके वाढतात आणि कमाल ठोके मात्र उंचीवर राहिल्यावर कमी होतात. म्हणजे पट्टी दोन्हीकडून आखडते. पुण्यात तुम्ही १८२ गाठत असाल तर इथे जीव तोडूनही तेवढे होणार नाहीत. १५५ म्हणजे पुण्यात मध्यम, इथे कदाचित टोकाजवळ. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, ही कसोटी पहिल्या पंधरा किलोमीटरना लावा.

आणि रोज सकाळचे ठोके लिहून ठेवा. ते चढले की त्या दिवशी पळायचं नाही. माझ्या अनुभवात याने उंचीचा त्रास आधी कळतो.

रानजाई
झोनबद्दल पूर्ण सहमत. सकाळच्या ठोक्यांबद्दल नाही. ठणठणीत माणसाचेही ठोके इथे वर असतात आणि आजारी पडणाऱ्याचे कधी फार वेगळे नसतात. मी डोकेदुखी, भूक, झोप आणि चाल यांना जास्त किंमत देते. ठोके तेव्हा महत्त्वाचे जेव्हा बसल्या जागी दम लागतोय, खोकला सुरू झालाय, आणि सॅच्युरेशन सोबतच्या माणसांपेक्षा बरंच खाली आहे. तेव्हा फुप्फुसात पाणी होत असेल. तेव्हा पळणं, थांबून बघणं काही नाही, ऑक्सिजन आणि रुग्णालय, आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरायचं.

करवतीचं कारण श्वास. उंचीवर झोपेत श्वास काही वेळ जोरात चालतो, मग काही सेकंद थांबतो, पुन्हा जोरात. त्याच्याबरोबर ठोके वर-खाली होतात. बऱ्याच निरोगी लोकांना होतं. दिवसा झोप अनावर होत असेल तर इथल्या डॉक्टरांना दाखवा. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे धाग्यावर ठरवायला नको, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर.

पहाटधाव
एका दिवसाचा आकडा फसवतो, हे मान्य. पण त्याच माणसाचे सलग तीन-चार सकाळी उतरत आलेले ठोके अचानक आठ-दहाने वर गेले, तर मी तरी त्याला पळायला सोडणार नाही.

रानजाई
मीही सोडणार नाही. पण ते ठोके उतरत आलेच तर "आता काही होणार नाही" असं समजू नका, एवढंच माझं म्हणणं.

सह्यभटक्या
पुढच्या वेळी रस्त्याने जा. मनालीमार्गे गेलं की शरीर आपोआप सवय करून घेतं आणि ठोके वाढतच नाहीत.

पहाटधाव
मनालीमार्गे गेलात तर वाटेतला मुक्काम कुठे ते बघा. सरचूला ४,२००च्या वर झोपावं लागतं, लेहपेक्षाही उंच, तेही दुसऱ्या रात्री. सवय व्हायची तर श्रीनगर-कारगिल बरा, कारगिल २,७००च्या आसपास आहे. तरी ठोके वाढतात ते वाढतातच, फक्त पहिला धक्का हलका होतो.

वेताळटेकडी
आजची सकाळ ६१. हाफला पुण्यातली वेळ विसरून नऊ-साडेनऊच्या पेसने सुरुवात करतो आणि ठोके फक्त नोंदीसाठी ठेवतो. एक राहिलंच. पुण्याला उतरल्यावर हा घटलेला प्लाझ्मा किती दिवसांत भरतो? ऑक्टोबरात लगेच दुसरी शर्यत आहे.

रानजाई
प्लाझ्मा चढताना घटला तितक्याच लवकर, काही दिवसांत भरतो. तेव्हा उतरल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिनचा आकडा खाली आलेला दिसला तर रक्त कमी झालं म्हणून घाबरू नका. इथल्या मुक्कामाचा ऑक्टोबरात फायदा होईल का, यावर मात्र पळणाऱ्यांची मतं वेगळी असतात. पहाटधाव लिहितील.

पहाटधाव
काहीजण उतरल्यावर दोन दिवसांत पळतात, काहीजण तीन आठवडे थांबतात, आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणतात. तुम्ही उतरल्यावर त्याच सातच्या पेसला रोज किती ठोके पडतात ते इथे टाकत राहा, त्यावरून तुमच्यापुरतं ठरवू.